चटका, टँकरचं बिल आणि इंजिनाची शिट्टी: मनातला विचार हात हलवतो का?

गेल्या रविवारी मला चटका बसला. आमच्याकडे रविवारी पोळ्या मी लाटतो आणि आई भाजते, पण तिचा फोन वाजला, मावशीचा होता म्हणजे अर्धा तास गेलाच, म्हणून तवाही माझ्याकडे आला आणि पोळी उलटताना उजव्या हाताचं पहिलं बोट तव्याच्या कडेला टेकलं. हात झटकन मागे आला, तोंडातून "आई गं" निघालं आणि मग मी सिंकचा नळ सोडून बोट धारेखाली धरलं. आई आतून फोन बाजूला करून ओरडली, "टूथपेस्ट बिस्ट लावू नकोस हां, पाणीच घाल."

मग फोन झाल्यावर बोट बघून म्हणाली, "बरं झालं दुखलं, दुखलं म्हणून तर हात मागे घेतलास, नाहीतर भाजून निघाला असतास." मी म्हटलं अगं आई, हात मागे आला तेव्हा दुखत नव्हतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की विषय तिथेच संपला, पण माझ्या डोक्यात काही संपला नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी माझी बाजू. बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंत साधारण ऐंशी सेंटिमीटर अंतर धरा. चटक्याची बातमी दोन प्रकारच्या नसांमधून जाते. एक जलद, सेकंदाला साधारण 5 ते 30 मीटर वेगाने, आणि दुसरी अगदी रेंगाळत, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर. जलदवाली बातमी कण्यात पोचायला सेकंदाचा अगदी छोटासा तुकडा लागतो, आणि कण्यातूनच परस्पर ऑर्डर सुटते की दंड आखड, हात ओढ. मेंदूला विचारायला कोणी जात नाही, त्याला कॉपी जाते नुसती. मेंदूत ते "दुखणं" म्हणून उमटेपर्यंत हात निघालेला असतो. आणि ती जी नंतरची ठसठस, जळजळ असते ना, ती हळू नसांवरून येते, म्हणून ती एखाद सेकंद उशिराने येते. पुढच्या वेळी चटका बसला तर लक्ष द्या, आधी टोचल्यासारखं आणि मग जळल्यासारखं, असे दोन वेगळे वेगळे येतात.

तर हात ओढण्याचं श्रेय दुखण्याला नाही, एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं, त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. खरी गंमत नळाची आहे. नळ सोडायला मी तीन पावलं चाललो, डाव्या हाताने नळ फिरवला, बोट धारेखाली धरलं, आणि हे सगळं होताना चांगलंच दुखत होतं. हे तरी दुखलं म्हणूनच केलं ना? कोणीही हो म्हणेल, मीपण म्हणतो. पण काही लोक नाही म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं वाटतं तितकं येड्यासारखं नाही.

नळ फिरवणाऱ्या हातापासून उलटं मागे चालत जाऊ. नळ का फिरला, कारण हाताचे स्नायू आखडले. स्नायू का आखडले, कारण नसेच्या टोकाला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटलं. ते का सुटलं, कारण कण्यातल्या न्यूरॉनमधून विजेचा ठोका आला. तो का आला, कारण मेंदूच्या मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे हालचाली सांभाळणाऱ्या भागातून, वरून ऑर्डर आली. ती का आली, कारण आणखी मागे मेंदूतल्याच दुसऱ्या भागांतले न्यूरॉन पेटले, आणि ते का पेटले, कारण बोटाकडून सिग्नल आला होता. झाली साखळी पूर्ण. तपशील अजून सगळे कळलेले नाहीत हे खरं, पण जेवढे कळलेत त्यात प्रत्येक कडीच्या मागे दुसरी शारीरिक कडीच सापडते, मध्ये कुठे अशी फट दिसत नाही की इथे वीज आणि रसायनं संपली आणि आता "दुखणं" येऊन धक्का देतंय. याला कॉझल क्लोजर म्हणतात, म्हणजे शरीरातल्या घटनेचं कारण शोधत गेलात तर ते शारीरिक जगातच पूर्ण मिळतं, बाहेरून कुमक लागत नाही.

आता आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, म्हणजे उन्हाळ्यात टँकर आलाच. टँकरचं बिल सोसायटीच्या खात्यातून जातं आणि आमचे खजिनदार काका पैचा हिशोब ठेवतात. समजा बिल आठ हजारांचं आहे, खात्यातून बरोबर आठ हजार गेलेत, टँकरवाल्याला बरोबर आठ हजार मिळालेत, पावती फाईलला आहे. आणि मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे एक जण उठून म्हणतात, त्यात माझेपण पैसे आहेत, मीच भरलं ते बिल. काका काय म्हणतील? म्हणतील साहेब, बिल पूर्ण भरलंय, एक रुपया कमी नाही की जास्त नाही, तुमचे पैसे मग गेले कुठे?

हा जो काकांचा प्रश्न आहे तोच प्रश्न जेग्वॉन किम नावाच्या कोरियन वंशाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने मनाबद्दल विचारला, वर्षानुवर्षं, न कंटाळता, आणि 1998 च्या एका पुस्तकात तो सगळ्यात धारदार करून मांडला. नळ फिरण्याचं पूर्ण बिल न्यूरॉननी भरलेलं आहे. मग दुखण्याने काय भरलं? याला एक्सक्लूजन आर्ग्युमेंट म्हणतात, आणि मन शरीराला हलवतं का या मेंटल कॉझेशनच्या सगळ्या भानगडीत मला हाच मुद्दा खरा वजनदार वाटतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांकडे आता मोजकेच रस्ते उरतात. पहिला, ते म्हणू शकतात की हिशोब खोटा आहे, खात्यातून आठ नाही सातच गेले, हजार माझे. म्हणजे मेंदूच्या साखळीत खरंच फट आहे आणि आत्मा तिथून ढकलतो. सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, त्याचं असंच काहीसं म्हणणं होतं, तो मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत मन आणि शरीराची गाठ घालून द्यायचा. त्याला 1643 मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने पत्र लिहून विचारलं की बाबा रे, ढकलायचं तर स्पर्श लागतो, ज्याला जागा नाही, आकार नाही, तो आत्मा शरीराला ढकलणार कसा? या प्रश्नाला त्याने दिलेली उत्तरं वाचली तर तो टाळतोय हे कळतं, आणि तिलाही कळलंच. दुसरा रस्ता, साहेब म्हणतील की बिल दोनदा भरलं गेलं, खात्यातूनही आणि माझ्याकडूनही. एखाद्या महिन्यात चुकून होईल असं, पण आयुष्यभर प्रत्येक चमचा उचलताना, प्रत्येक रिक्षाला हात करताना दोन दोन पूर्ण कारणं योगायोगाने एकत्र हजर असतात, हे कोणाच्याच गळी उतरत नाही.

आणि तिसरा रस्ता म्हणजे साहेबांनी मान्य करायचं की मी काहीच भरलं नाही, मी फक्त बिल भरताना तिथे उभा होतो. एपिफेनॉमेनलिझम तो हाच. मेंदू दुखणं निर्माण करतो, पण दुखणं उलट मेंदूला काही करत नाही. वाहतूक एकेरी.

याचं सगळ्यात गाजलेलं चित्र टॉमस हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने 1874 मध्ये बेलफास्टच्या भाषणात काढलं. मेंदूचा पुढचा भाग काढलेला बेडूकसुद्धा तळहातावर ठेवून हात तिरका केला की तोल सांभाळत सरकत जातो, म्हणजे इतकी शहाण्यासारखी हालचाल जाणिवेशिवाय होऊ शकते, मग जाणीव करते काय, अशी त्याची सुरुवात. आणि मग तो म्हणाला की वाफेच्या इंजिनाची शिट्टी जशी इंजिनाच्या कामाबरोबर वाजते पण यंत्रावर तिचा काही परिणाम नसतो, तशी जाणीव. आपल्या ठाण्याला 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती ओढायला तीन वाफेची इंजिनं होती, म्हणजे हक्सली बोलला तेव्हा ठाणेकरांना शिट्टी ऐकायची चांगली एकवीस वर्षांची सवय झालेली होती.

पण ठाणेकर म्हणून मला यात एक खोट दिसते. शिट्टीला वाफ लागते, आणि ती बॉयलरमधूनच जाते, म्हणजे शिट्टी थोडं का होईना खाते. शिवाय शिट्टी ऐकून माणूस रुळावरून बाजूला होतो आणि गाडी पुढे जाते. खरी शिट्टी काहीतरी करतेच. एपिफेनॉमेनलिझमला लागणारी शिट्टी अशी हवी की जी वाफ खात नाही, हवा हलवत नाही आणि कोणाला ऐकूही येत नाही. अशी एकही वस्तू जगात दाखवता येत नाही. सावली म्हणाल तर तीसुद्धा उन्हाळ्यात गाडी कुठे लावायची ते ठरवते. हे काही खंडन नाही, पण ही मागणी किती विचित्र आहे ते त्याने कळतं.

इथे कोणीतरी म्हणतंच की अरे, विज्ञानाने हे सिद्धच केलंय, तो लिबेटचा प्रयोग. रीलवाल्यांचं फार लाडकं आहे ते. बेंजामिन लिबेट या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने 1983 मध्ये लोकांना मनात येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं आणि हलवावंसं कधी वाटलं ते घड्याळाच्या काट्यावरून नोंदवायला सांगितलं. मेंदूतली तयारी हालचालीच्या सुमारे 550 मिलिसेकंद आधी दिसली आणि इच्छा झाल्याची नोंद सुमारे 200 मिलिसेकंद आधीची. म्हणजे मेंदूने आधीच ठरवलं होतं वगैरे. पण 2012 मध्ये शर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो आधी चढत जाणारा सिग्नल म्हणजे ठरलेला निर्णय नसून मेंदूतली नेहमीची खालीवर होणारी गडबडही असू शकते, ती उंबरठा ओलांडते तेव्हा हात हलतो. आणि मुख्य म्हणजे किमच्या मुद्द्याला या घड्याळाची गरजच नाही. समजा दुखणं नळाच्या चांगलं पाच सेकंद आधी आलं, तरी काकांचा प्रश्न तसाच राहतो. आधी आलेला माणूस बिल भरतोच असं नाही.

तसंच दुसरं एक वाटतं की ज्यांना दुखतच नाही अशा लोकांकडे बघा की, लगेच निकाल लागेल. असे लोक आहेत. 2006 मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास आला, त्यात एक मुलगा होता जो रस्त्यावर खेळ करताना निखाऱ्यांवरून चालायचा आणि दंडातून सुऱ्या आरपार काढायचा. असे लोक लहानपणापासून स्वतःला भाजून घेतात, जीभ चावून घेतात, हाडं मोडून घेतात. आई म्हणेल बघ, दुखणं काम करतं की नाही. पण एपिफेनॉमेनलिस्ट शांतपणे म्हणतो, त्यांच्या नसांमधला सोडियमचा एक दरवाजाच, Nav1.7 नावाचा, जनुकातल्या बिघाडामुळे चालत नाही, म्हणजे त्यांच्याकडे नुसतं दुखणं गैरहजर नाही, सिग्नलच गैरहजर आहे. हात भाजतो तो सिग्नल नसल्याने. आम्हाला असा माणूस दाखवा ज्याचा सिग्नल शाबूत आहे पण वाटणं तेवढं गायब आहे. आणि असा माणूस असला तरी तो ओळखायचा कसा, तो तर "आई गं" म्हणणारच!

बरं, मग या लोकांना हरवायचं कशाने? दोन गोष्टी मला खरोखर टोचणाऱ्या वाटतात.

पहिली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सची, 1879 ची. तो म्हणतो, दुखणं काहीच करत नसेल तर ते इतकं जुळून कसं आलं? भाजलं की वाईट वाटतं, भूक असताना जेवलं की बरं वाटतं. दुखण्याचा परिणामच शून्य असेल तर उलटं असायलाही काय हरकत होती, भाजताना गुदगुल्या आणि वरणभात खाताना वेदना, शरीर तरीही तव्यापासून हात ओढणारच आणि वरणभात खाणारच, कारण वाटण्याला विचारतोय कोण. उत्क्रांती अशी जुळणी निवडूच शकणार नाही, कारण निवडायला परिणाम लागतो. यावर फ्रँक जॅक्सन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने 1982 मध्ये ध्रुवीय अस्वलाचं उत्तर दिलं की अस्वलाची कातडी जड असते, जडपणा त्याच्या कामाचा नाही, पण उबदार कातडी हवी तर जडपणा बरोबर येतोच, तसं दुखणं मेंदूबरोबर फुकट येतं. उत्तर हुशार आहे पण माझ्या मते अर्धंच आहे. ते दुखणं आहे का ते सांगतं, जुळलेलं का आहे ते सांगत नाही. पुढे जॅक्सनने स्वतःच हे मत सोडून दिलं, हे मला त्याचं आवडतं.

दुसरी गोष्ट "आई गं"ची. ओठ, जीभ, स्वरयंत्र हे सगळं शरीरच आहे. दुखणं शरीराला हलवत नसेल तर "आई गं" दुखण्यामुळे निघालं नाही. "मला चटका बसला, अजून ठसठसतंय" हे वाक्य मी टाईप केलं तेही ठसठशीमुळे नाही. इतकंच काय, हक्सली बेलफास्टला जाणिवेबद्दल बोलला, त्याच्या त्या बोलण्यात जाणिवेचा काडीचा हात नव्हता. मग तो बोलला कशाबद्दल?

एपिफेनॉमेनलिस्टांचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. ठाणे स्टेशनला इंडिकेटर आणि अनाउन्समेंट दोन्ही असतात. इंडिकेटरवर 8.42 ची स्लो लागते आणि बाई पण तेच सांगतात, पण बाईंनी इंडिकेटर वाचलेला नसतो, दोघांना माहिती मागून एकाच ठिकाणाहून येते. तसं मेंदूतली एकच घटना एकीकडे दुखणं तयार करते आणि दुसरीकडे "दुखतंय" हे बोलणं, म्हणून दोन्ही जुळतात आणि बोलणं खरंही असतं. ठीक. पण मग इंडिकेटर बंद करा. बाई बोलतच राहतात, एक शब्द बदलत नाही. म्हणजे माझ्यातून वाटणं सगळं काढून घेतलं तरी मी हाच लेख लिहिला असता, याच चुकांसकट, आणि "मला खरंच दुखत होतं हो" असं शपथेवर सांगितलं असतं. विसंगती नाही यात, पण हे गिळायला मला तरी जमत नाही.

राहिला चौथा रस्ता, जो बहुतेक लोक घेतात. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब म्हणतील, अहो काका, ते खातं माझंच आहे! बिल भरणारा एकच, नावं दोन. म्हणजे दुखणं आणि मेंदूतली ती घटना वेगळ्या नाहीतच. दोनदा भरणा नाही, हिशोबात फट नाही. छान वाटतं, आणि इथेच लेख संपवता आला असता, पण यातही एक काटा आहे.

प्लॅटफॉर्मवर ती वजनाची मशीन असायची आठवतेय, लाल-पिवळे दिवे फिरणारी, नाणं टाकलं की वजनाचं तिकीट यायचं. मशीनला नाण्याचं काय कळायचं? वजन आणि आकार. ते एक रुपया "किमतीचं" आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, त्याच मापाची लोखंडी चकती टाकली तरी तिकीट पडेल. वस्तू एकच आहे, पण काम तिच्या वजनाने केलं, किमतीने नाही. तसंच, विचार म्हणजेच न्यूरॉनची घटना हे मान्य केलं तरी पुढचा न्यूरॉन पेटतो तो विजेमुळे, विचाराच्या अर्थामुळे नाही. डोनाल्ड डेव्हिडसन या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1970 मध्ये प्रत्येक मानसिक घटना ही शारीरिक घटनाच असते असं मांडलं तेव्हा त्याच्यावर नेमका हाच आरोप झाला, की तू घटना वाचवलीस पण तिचं मानसिक असणं बेकार ठरवलंस.

यावर फ्रेड ड्रेट्स्की या अमेरिकन तत्त्वज्ञाचं जे उत्तर आहे ते मला सगळ्यात पटतं, आणि ते मशीनवरच सांगता येतं. तिकीट का पडलं असं विचाराल तर वजनामुळे. पण मशीनची फट त्याच मापाची का बनवली असं विचाराल तर? कारण त्या मापाच्या तुकड्याला किंमत आहे. किंमत दर वेळी ढकलत नाही, पण कशाने काय ढकललं जाईल ही मांडणी किमतीमुळे झाली. मेंदूचंही तसंच. माझा भाचा दीड वर्षाचा असताना चहाच्या पातेल्याला हात लावून बसला, एकदाच. त्यानंतर पातेलं दिसलं की हात मागे घेऊन "हाय" म्हणतो. त्याच्या डोक्यात पातेलं ओळखणारी जी काही खूण आहे ती आज हाताच्या वायरिंगला जोडलेली आहे, आणि ती जोडली गेली कारण ती खूण "गरम" हे सांगते. अर्थाचं काम तिथे आहे, शिकताना.

किम यालाही म्हणायचाच की वायरिंग जोडण्याचं बिलही न्यूरॉननीच भरलं. पण 2005 च्या पुस्तकात तो थोडा मऊ झाला. विचार, इच्छा, समजुती यांचं काम काय ते सांगून त्यांना मेंदूत बसवता येतं, म्हणजे "पाणी घालावं" हा विचार नळ फिरवतो हे बचावलं. नाही बचावलं ते फक्त कच्चं वाटणं, ती ठसठस आतून जशी असते तशी. तीपण सगळी नाही, ही जळजळ त्या टोचण्यापेक्षा वेगळी आहे एवढा फरक कामाचा, म्हणून तो बचावतो. पण ती अशीच का वाटते हे मात्र हिशोबाबाहेर. त्याने ते तसंच मान्य करून टाकलं आणि पुस्तकाच्या नावातच सांगितलं की सगळं भौतिक आहे, निदान त्याच्या पुष्कळ जवळ.

आईला हे सगळं संध्याकाळी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "आता दुखतंय का?" मी म्हटलं थोडं. ती म्हणाली, "मला न्यूरॉन सांगतोय का तू सांगतोयस?" आणि उठून कोरफड तोडायला बाल्कनीत गेली.